ओआरएसच्या चित्रावरची अक्षरं फोनवर वाचता यावीत म्हणून काय काय केलं

मी आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते, डिझाइनशी माझा तसा काही संबंध नाही. एप्रिल २०२५ मध्ये आमच्याकडे ठरलं की पावसाळ्याआधी जुलाब आणि ओआरएसवर एक इन्फोग्राफिक करायचं, ते आशाताईंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं आणि सोबत लेखी वर्णन द्यायचं, म्हणजे ज्यांना चित्र दिसत नाही किंवा उघडत नाही त्यांनाही तेच कळेल. काम माझ्याकडे आलं आणि संपायला जुलै उजाडला. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा इंग्रजी अक्षरांबद्दल भरपूर सापडलं पण देवनागरी फोनवर कशी दिसते याबद्दल फार कमी.

सुरुवातीला बाहेरून डिझाइन करून घेतलं. ४,००० रुपये एका पोस्टरचे आणि नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीला ३०० वेगळे असं ठरलं. एप्रिलच्या शेवटी फाइल आली, ए-फोर आकाराची, ओआरएस कसं बनवायचं, किती पाजायचं, झिंकची गोळी, धोक्याची लक्षणं, घरगुती मीठ-साखरेचं पाणी असं सगळं एकाच पानावर. प्रिंट काढून भिंतीवर लावलं तर छान दिसत होतं. पण आमच्याकडे भिंतीवर लावायला कोण येणार, ते फोनवरच बघितलं जाणार होतं.

आता हिशोब बघा, हा मला आधी कोणी सांगितला असता तर पुढचे बरेच दिवस वाचले असते. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि साडेसहा इंची फोनचा स्क्रीन साधारण ६८ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण पान फोनवर उघडलं की सगळं एक तृतीयांश होतं. पोस्टरवर ११ पॉइंटची अक्षरं होती ती फोनवर साडेतीन पॉइंटची झाली, गोळ्यांच्या स्ट्रिपवर मागे छापलेलं असतं त्याहूनही बारीक. आणि हे चित्र उघडल्यावर, चॅटमध्ये न उघडता दिसतं ते त्याहून लहान, आणि उभं लांब चित्र असेल तर वरखाली कापूनच दिसतं. लोक बोटांनी मोठं करून बघतील हे आपण गृहीत धरतो पण मुलाला जुलाब होतायत, एका हातात मूल आहे, अशा वेळी कोणी झूम करत बसत नाही.

मे महिन्याच्या आशाताईंच्या मीटिंगमध्ये ते चित्र मी त्यांच्याच फोनवर पाठवलं आणि एवढंच सांगितलं की ताई, मोठं न करता वाचून दाखवा. बहुतेकींनी शीर्षक वाचलं आणि थांबल्या. एका ताईंनी घरगुती पाण्याचा भाग वाचायला घेतला, त्यात लिहिलं होतं ६ चमचे साखर आणि ½ चमचा मीठ, आणि त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मीठ बारा चमचे?" मी फोन हातात घेऊन बघितलं तर खरंच मधली तिरकी रेघ दिसतच नव्हती, एक आणि दोन शेजारी शेजारी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण आहे, मीठ जास्त झालं तर आधीच पाणी कमी झालेल्या बाळाच्या रक्तात सोडियम वाढतं आणि ते जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी ठरवलं की हे चित्र असं जाऊ द्यायचं नाही.

डिझाइन करणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले अक्षरं मोठी केली तर मजकूर बसणार नाही, आणि ते बरोबरच होतं. मजकूर आधी लिहून मग तो चित्रात कोंबायचा हा क्रमच फोनसाठी चालत नाही. आधी अक्षराचा आकार ठरवायचा, त्यात एका ओळीत किती अक्षरं मावतात ते बघायचं आणि मग तेवढंच लिहायचं. म्हणून पुढचं काम मी स्वतः मोफत अॅपमध्ये करायला घेतलं.

एका पोस्टरची पाच वेगळी कार्डं केली, एका कार्डावर एकच काम: बनवणं, पाजणं, झिंक, धोक्याची लक्षणं, आणि पाकीट नसेल तर घरगुती पाणी. कार्डाचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल घेतला. हा आकार चॅटमध्ये फारसा कापला जात नाही आणि गणित सोपं जातं, कारण साध्या अँड्रॉइड फोनचा स्क्रीन मापाने ३६० रुंद धरतात, म्हणजे चित्रातला आकडा भागिले तीन केला की फोनवर ते अक्षर केवढं दिसेल ते कळतं. चॅटमध्ये न उघडता त्याच्याही पाऊणपट. मी खालची मर्यादा ४८ ठेवली, म्हणजे उघडल्यावर १६ आणि चॅटमध्ये १२. मुख्य ओळी ६०, शीर्षक ९६ आणि माप सांगणारे आकडे त्याहून मोठे, १६० पर्यंत. ४८ पेक्षा लहान काहीच नाही, संस्थेचं नाव पण नाही. ६० च्या आकारात दोन्हीकडे समास सोडून ओळीत जेमतेम पंचवीस अक्षरं बसतात, आणि तीन ओळींच्या पुढे गेलं की कार्ड भरल्यासारखं वाटायला लागतं. तेव्हा एका कार्डावर लिहायला साठ-सत्तर अक्षरं आहेत एवढं धरून चाला.

इंग्रजीत १४-१५ आकारात जे आरामात वाचता येतं तेच आपल्याकडे चालत नाही, कारण आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतो, त्या सगळ्याला त्याच उंचीत जागा द्यावी लागते, त्यामुळे मधलं मूळ अक्षर लहान होतं. ओळींमधलं अंतरही म्हणून जास्त लागतं. अॅपमध्ये ते १.२ होतं, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन चिकटत होता, १.४५ केलं तेव्हा मोकळं झालं. अक्षरांमधलं अंतर, ज्याला तिथे लेटर स्पेसिंग म्हणतात, ते मात्र शून्यच ठेवा. शीर्षकाच्या तयार नमुन्यांमध्ये ते वाढवून ठेवलेलं असतं, इंग्रजीत छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं.

जाडीबद्दल माझा समज होता की जितकं ठळक तितकं चांगलं. आशाताईंच्या पुढच्या चाचणीत उलटं दिसलं. धोक्याच्या कार्डाखाली "अंगावरचं दूध चालू ठेवा" अशी ओळ होती, सगळ्यात जाड अक्षरात, आणि लहान झाल्यावर ते "दूघ" दिसत होतं. ध आणि घ मध्ये, भ आणि म मध्ये फरक काय तर शिरोरेषेतली छोटी फट आणि गाठ. अक्षर जाड झालं की ती फट बुजते. दूध शब्द वाचणारा अंदाजाने वाचतो पण प्रत्येक शब्द अंदाजाने कळण्यासारखा नसतो. मी मुक्ता फॉन्ट वापरला, मुंबईच्या एक टाइपने केलेला, मोफत आहे आणि बऱ्याच जाडींमध्ये मिळतो. त्यातली मुख्य ओळींसाठी सेमीबोल्ड आणि मोठ्या आकड्यांसाठीच बोल्ड अशी विभागणी केली. फॉन्ट निवडताना माझी परीक्षा एवढीच होती: "दूध, भात, घट्ट, दुसऱ्या, १ ९" हे लिहायचं, फोनवर पाठवायचं, आणि हातभर अंतरावरून बघायचं. १ आणि ९ बऱ्याच फॉन्टमध्ये लहान आकारात सारखे दिसतात. "दुसऱ्या" मधला ऱ्य नीट जुळला नाही आणि हलन्त सुटा दिसला तर ते अॅप किंवा तो फॉन्ट मराठीसाठी उपयोगाचा नाही, पुढे त्रास होणार.

रंगाचं काम त्यामानाने लवकर झालं. आधीच्या पोस्टरमध्ये नारिंगी पट्टीवर पांढरी अक्षरं होती. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजेड किती पटीने वेगळा आहे ते मोजायची मोफत पानं आहेत, दोन रंगांचे कोड टाकले की गुणोत्तर मिळतं, लहान अक्षरांना कमीत कमी ४.५ लागतं. `#FFA500` वर पांढरं टाकलं तर जेमतेम २ येतं. पांढऱ्यावर गडद निळा `#003366` घेतला तर १२.६. म्हणून सगळी कार्डं पांढऱ्या-निळ्यात केली. घरगुती पाण्याच्या कार्डावर स्वयंपाकघराचा फोटो ठेवायचाच असा संस्थेत आग्रह होता, तर त्यावर काळी अर्धपारदर्शक पट्टी टाकून पांढरी अक्षरं घेतली. इथे एक लक्षात ठेवा, पट्टी ५० टक्के काळी असेल आणि फोटोत तिथे पांढरी भिंत किंवा पांढरं भांडं असेल तर खाली मधला राखाडी रंग येतो आणि गुणोत्तर ४ च्या आसपास अडकतं. पट्टी ६० टक्के केली की ५.७ पर्यंत जातं. फोटोतल्या सगळ्यात उजळ जागेवर मोजायचं, अंधाऱ्या कोपऱ्यात नाही.

लाल अक्षरं हिरव्यावर किंवा निळ्यावर तर बिलकुल नकोत. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी टिकतो पण रंगाचा तपशील कमी केला जातो, त्यामुळे फक्त रंगाच्या फरकावर उभी असलेली अक्षरं कडेने पसरतात. गडद-फिक्या फरकावर उभी असलेली टिकतात. एचडी पाठवायची सोय आहे, पण पुढे कोण कसं फॉरवर्ड करेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून सगळ्यात वाईट अवस्थेत वाचता यायला हवं असंच धरलं. लॅपटॉपवर बघायला मी हे वापरलं:

```
magick card1.png -resize 260x -quality 60 test.jpg
```

२६० रुंदीचं, बऱ्यापैकी दाबलेलं चित्र मिळतं, चॅटमध्ये न उघडता जसं दिसतं त्या मापाचं. फोनवर प्रत्यक्षात याहून थोडं स्पष्टच दिसतं कारण फोनच्या स्क्रीनमध्ये ठिपके दाट असतात. म्हणून यात वाचता आलं तर फोनवर येणारच. तरी शेवटचा निर्णय फोनवरच, जुना फोन, उजेड अर्धा, आणि एकदा बाहेर उन्हात.

आता मजकूर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला आधी जो मंजूर मजकूर दिला होता त्यातलं पहिलं वाक्य असं होतं: "एक लिटर स्वच्छ पिण्यायोग्य पाण्यामध्ये ओआरएसचे एक संपूर्ण पाकीट रिकामे करून ते पूर्णपणे विरघळेपर्यंत ढवळावे व तयार झालेले द्रावण २४ तासांच्या आत वापरावे." यात चूक काहीच नाही. पण कार्डावर हे चार-पाच ओळी खातं आणि माप कुठे आहे ते शोधावं लागतं. आम्ही ते असं केलं: शीर्षक "ओआरएस असं बनवा", खाली मोठ्या आकड्यांत "१ लिटर पाणी" आणि "१ मोठं पाकीट, पूर्ण", आणि सगळ्यात खाली "२४ तासांनी उरलेलं फेका". "स्वच्छ" काढलं कारण त्यातलं च्छ लहान आकारात काळा ठिपका होत होतं, आणि वर्णनात "पिण्याचं पाणी, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम" असं मोकळं लिहिलं.

"मोठं" हा शब्द आम्ही भांडून ठेवला. सरकारी दवाखान्यात मिळतं ते पाकीट एक लिटरचं असतं, साधारण २०.५ ग्रॅम. पण मेडिकलमध्ये २०० मिलीलिटरचं छोटं पाकीटही मिळतं. नुसतं "१ पाकीट" लिहिलं आणि घरात छोटं असलं तर पाणी फार आणि औषध कमी होतं, आणि उलट मोठं पाकीट पेल्यात टाकलं तर ते घातक घट्ट होतं. जुन्या पोस्टरवर मजकुरात लिटर होतं आणि चित्र मात्र काचेच्या पेल्याचं. वाचता न येणारी बाई चित्र बघूनच करणार ना, म्हणून चित्रात एक लिटरची पाण्याची बाटली टाकली आणि बाटलीवरच "१ लिटर" लिहिलं, ६० च्या आकारात. वर्णनातही "चित्रात एक लिटरची बाटली आहे" असं स्पष्ट आलं. आणि "पाकिटावरचं माप वाचा" ही ओळ दोन्हीकडे.

अर्धा हा शब्द अक्षरी, सगळीकडे. ½ कुठेच नाही, १/२ पण नाही. झिंकच्या कार्डावर सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज एक गोळी, २० मिलिग्रॅमची, आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, दोघांनाही १४ दिवस. तिथे "१४ दिवस" सर्वात मोठं केलं कारण जुलाब थांबले की लोक तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतात.

वर्णनाचं काम मला आधी सोपं वाटलं होतं, चित्रातलं लिहून काढायचं एवढंच. पण पहिल्या पोस्टरचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता, कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. म्हणून कोणीतरी वर्णन वेगळं टाइप केलं होतं आणि तिथेच फरक शिरले होते, चित्रात जुलाब आणि वर्णनात अतिसार, चित्रात चमचा आणि वर्णनात ५ मिली. तुमच्याकडे असा जुना मजकूर असेल तर दुरुस्त करत बसू नका, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, वेळ कमी लागतो.

आम्ही मग एकच फाइल केली, दोन रकाने. डावीकडे चित्रावरचा मजकूर ओळीनुसार, उजवीकडे त्याच ओळीचं वर्णन. चित्रात जे जाणार ते डावीकडून कॉपी, वर्णनात जे जाणार ते उजवीकडून, हाताने पुन्हा टाइप काहीच करायचं नाही. नियम असा धरला की चित्रावरची प्रत्येक गोष्ट वर्णनात त्याच क्रमाने, त्याच आकड्याने आणि त्याच शब्दाने यायलाच हवी, वर्णनात मात्र जास्तीचं असू शकतं. डॉक्टर मॅडमना मजकूर कशावरून घेतलाय ते चित्रावर बारीक अक्षरात हवं होतं, ते या नियमामुळे वर्णनाच्या शेवटी गेलं आणि त्यांनाही पटलं.

पहिल्या कार्डाचं वर्णन शेवटी असं झालं: "ओआरएस असं बनवा. १ लिटर पिण्याचं पाणी घ्या, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम. चित्रात एक लिटरची बाटली आहे. त्यात ओआरएसचं १ मोठं पाकीट पूर्ण टाका. पाकिटावरचं माप वाचा, छोटं पाकीट २०० मिलीलिटर पाण्याचं असतं. विरघळेपर्यंत ढवळा. २४ तासांनी उरलेलं फेका." सुरुवात "या चित्रात एक आकर्षक" वगैरे अशी करू नका, कारण लांब कॅप्शन व्हॉट्सअॅप दुमडून ठेवतं आणि वरच्या काही ओळीच दिसतात, त्यात काम यायला हवं.

मंजुरीसाठी दोन रकान्यांची ही फाइल मेच्या अखेरीस कार्यालयात दिली, तीन प्रती, सोबत अर्ज, आवक शिक्का मारून घेतला. रंगीत प्रिंट १० रुपये पान. ज्यांना हे करायचंय त्यांनी वर्णनाचा रकानाही मंजुरीत घाला, नुसतं चित्र नको, नाहीतर नंतर वर्णनातला एक शब्द बदलला तरी विचारणारं कोणी नसतं. जवळपास तीन आठवडे काही उत्तर नाही, दोनदा जाऊन आले, साहेब मीटिंगला गेलेले. मग कळलं की आम्ही कार्डावर आरोग्य विभागाचं बोधचिन्ह टाकलंय आणि त्याला जिल्ह्याची वेगळी परवानगी लागते. त्याची वाट बघत बसलो असतो तर पावसाळा गेला असता, म्हणून बोधचिन्ह काढलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मजकूर तपासल्याची ओळ घातली. त्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक पानावर सही मिळाली. ते थांबणं फार अवघड गेलं, कारण पाऊस सुरू झाला होता आणि गावातून जुलाबाच्या बातम्या यायला लागल्या होत्या.

या मधल्या काळात एक फार उपयोगी गोष्ट झाली. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना दिसत नाही, ते फोनवर टॉकबॅक लावून सगळं ऐकतात. त्यांना म्हटलं, "सर, हे वर्णन ऐकून बघाल का?" त्यांनी सांगितलं की नातवाला शेजारी बसवतो. नातू चित्र बघणार, सर वर्णन ऐकणार, आणि दोघं एकमेकांना प्रश्न विचारणार. तेव्हा लगेच सापडलं की पाजण्याच्या कार्डावर चित्रात मोठ्या मुलाचं माप वर होतं आणि वर्णनात आधी लहान बाळाचं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलीलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप, आणि त्याहून मोठ्याला १०० ते २००, अर्धा ते एक कप. फोनवर एकजण बघून आणि दुसरा ऐकून बोलत असेल तर "वरचं माप दे" म्हटल्यावर दोघांच्या डोक्यात वेगळं माप असणार. चित्रातला क्रम बदलला.

सरांनी अजून दोन गोष्टी काढल्या. "मि.ली." असं टिंबं देऊन लिहिलं की त्यांच्या फोनचा आवाज प्रत्येक टिंबाला थांबत होता आणि आकडा एकीकडे, माप दुसरीकडे जात होतं. वर्णनात मग कपासोबत "मिलीलिटर" पूर्ण लिहिलं, आणि चित्रावर मिलीऐवजी कपच ठेवला, घरात तोच असतो. दुसरं म्हणजे धोक्याच्या आणि नकोच्या गोष्टींपुढे आम्ही लाल फुली काढली होती, शब्द नव्हता. फुलीचं वर्णन करणार काय? फुली तशीच ठेवून शेजारी "देऊ नका" लिहिलं: गोड सरबत, कोल्डड्रिंक देऊ नका. ज्यांना लाल-हिरवा कळत नाही त्यांचंही काम झालं.

मॅडमच्या सहीनंतर मूळ पोस्टर दाखवलेल्या आशाताईंनाच नवी कार्डं जुन्याच पद्धतीने दाखवली, मोठं न करता. घरगुती पाण्याचं कार्ड बघून त्याच ताई म्हणाल्या, "सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट." मग विचारलं की चमचा कुठला, भाजी वाढायचा की चहाचा? चित्रात नुसता चमचा होता. तिथे "चहाचा चमचा" घातलं, वर्णनात घातलं, दोन्ही रकान्यात घातलं आणि त्या एका पानावर पुन्हा सही घ्यायला गेले. एका शब्दासाठी पुन्हा जायला जिवावर आलं होतं पण मॅडमनी उभ्याउभ्या सही केली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कार्डं गेली. आता टाकताना काय केलं ते सांगते. व्हॉट्सअॅपवर ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला फोन वाचून दाखवतो तो चित्राला जोडलेला मजकूर, टाकायची वेगळी जागा नाही, म्हणून वर्णन कॅप्शनमध्येच. पाचही कार्डं एकत्र निवडून पाठवली तर कुठलं कॅप्शन कुठल्या चित्राचं ते कळेनासं होतं, म्हणून एकेक करून पाठवली. लोक चित्र सेव्ह करून स्टेटसला ठेवतात तेव्हा कॅप्शन मागेच राहतं, म्हणून माप आणि "२४ तासांनी फेका" हे चित्रावर असायलाच हवं होतं, आणि उलट कोणी नुसतं वर्णन कॉपी करून पुढे पाठवलं तर चित्राशिवायही ते पूर्ण असायला हवं. संस्थेच्या संकेतस्थळावर मात्र ऑल्टची जागा आहे, तिथे "कार्ड १: ओआरएस असं बनवा. पूर्ण मजकूर चित्राखाली आहे" एवढंच लिहिलं आणि पूर्ण वर्णन चित्राखाली साध्या मजकुरात ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. ऑल्टमध्ये अख्खं वर्णन कोंबलं की ऐकणाऱ्याला मध्ये थांबून एक ओळ मागे जाणं अवघड होतं, हे पण सरांनीच सांगितलं.

एकूण खर्च पहिल्या पोस्टरचे ४,००० धरून साडेपाच हजारांच्या आत झाला, नंतरचा बहुतेक प्रिंट आणि जाण्यायेण्याचा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट मजकुराच्या दोन रकान्यांपासून केली तर ते चार हजारही लागणार नाहीत.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात "जुलै २०२५" लिहिलंय, ४८ च्याच आकारात, आणि वर्णनाच्या शेवटीही तेच. मजकूर बदलला तर तारीख दोन्हीकडे बदलायची, म्हणजे कोणाकडे जुनं चित्र आणि नवीन वर्णन आलं तर तारखा जुळणार नाहीत आणि लगेच कळेल. फाइलचं नाव पण तसंच ठेवलंय, `ors-card1-2025-07.png` आणि सोबत `ors-card1-2025-07.txt`, सही केलेली पानं स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये. झिंकच्या कार्डावर गोळी बाळाला कशात विरघळवून द्यायची ते चित्रात अजून नाही, वर्णनात आहे, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात. ते चित्रावर घ्यायचं तर "१४ दिवस" लहान करावं लागतंय, त्यामुळे त्याचं वेगळं सहावं कार्ड करायला घेतलंय आणि त्याचा मजकूर सध्या मॅडमकडे सहीला आहे.